पहिल्या संक्रांतीचा हलवा आणि कन्नड माहेरची सून

आपल्या सांगलीत मिरज ओलांडली की कन्नड कानावर पडायला लागतं. जतकडं तर कितीतरी घरांत दोन्ही भाषा बोलल्या जातात, आणि सोयरिकीही दोन्हीकडं होतात. म्हणून जानेवारी उजाडला की कुणी ना कुणी सासूबाई मला विचारतात, "सून विजापूरकडची आहे, पहिलीच संक्रांत. तिच्याकडं हलवा असतो का हो? आणि विहीणबाईंना तिळगूळ देताना कन्नडमध्ये काय म्हणायचं?"

हलवा असतो. उत्तर कर्नाटकात त्याला कुसुरेळ्ळु म्हणतात. भोगीला आपण तीळ लावून बाजरीची भाकरी करतो, तशी तिकडं सज्जे रोट्टी होते. सज्जे म्हणजे बाजरीच. म्हैसूरकडची रीत मात्र निराळी. तिथं पांढरे तीळ, गुळाचे बारीक खडे, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं असं एकत्र करून वाटतात. त्याला एळ्ळु-बेल्ल म्हणतात, सोबत साच्यातली साखरेची चित्रं असतात. सून कुठल्या भागातली आहे हे आधी विचारून घ्या, म्हणजे तिच्या माहेरचं काहीतरी ताटात ठेवता येईल.

आता हलव्याकडं येते, कारण पहिल्या संक्रांतीत सगळ्यांत जास्त जीव त्यातच ओतावा लागतो. एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी घालून पाक ठेवायचा. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, वर येणारी मळी काढायची आणि पाक एकतारी होण्याच्या बेतात असतानाच उतरवून गाळायचा. पसरट परातीत मूठभर तीळ घ्यायचे, परात अगदी मंद आचेवर ठेवायची आणि चहाच्या चमच्यानं थोडासाच पाक सोडायचा. मग बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचं. तळवा लावायचा नाही, तळव्यानं काटे मोडतात. पाण्याची वाफ होते, साखर तिळावर धरते. तो थर कोरडा झाल्यावरच पुढचा चमचा. बोटांना चिकटलेली साखर ओल्या फडक्याला पुसत राहायचं.

घाई झाली की लगेच दिसतं. पाक जास्त पडला तर तिळाचे गठ्ठे होतात. पाक दाट झाला तर साखर तिळाला न धरता परातीत भुरभुरते. तेव्हा पाकात चमचाभर पाणी घालून तो पुन्हा कोमट करावा. आच वाढली तर हलवा पिवळट पडतो, आणि तो पिवळेपणा मग जात नाही. ढगाळ, दमट दिवशी तर परात मांडूच नये. कोरडी थंडी असली तर पहिले दोन दिवस नुसते गुळगुळीत पांढरे दाणे होतात, काटे त्यानंतर उठायला लागतात. रोज थोडं थोडं करत चारपाच दिवस जातात. दागिन्यांना मोठे दाणे लागतात, त्यासाठी लवंग, साबुदाणा किंवा काकडीची बी घेऊन तसाच पाक चढवतात.

दागिने ओवायचे नसतात, कारण सुई घातली की दाणा फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या मध्ये दाणा धरून दोन्ही बाजूंना गाठ मारायची. बिंदी, मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा हे सगळं अशाच गाठींवर उभं राहतं. जावयाला हार आणि हलवा लावलेला नारळ. बाजारात डिंकानं पुठ्ठ्यावर चिकटवलेले दागिने मिळतात, ते दिसतात छान. पण नंतर पोरांना त्यातला दाणा काढून देता येत नाही. मला स्वतःला गाठीचेच आवडतात. काळ्या चंद्रकळेवर तो पांढरा काटा काय उठून दिसतो, ते जवळ बसूनच बघावं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सुनेला दागिने घातले, औक्षण झालं, की नवराबायकोनं आधी एकमेकांना हलवा द्यावा आणि मग थोरांच्या पाया पडून तिळगूळ घ्यावा. "तिळगूळ घ्या, गोड बोला" सून म्हणेलच. विहीणबाईंना तुम्ही म्हणा, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." तीळगूळ खाऊन चांगलं बोला. एळ्ळु आणि ओळ्ळे या दोन्हींतला पहिला स्वर आखूड ठेवा, ओढू नका. ळ्ळ जोरात येऊ द्या. धारवाड-विजापूरकडं "एळ्ळु बेल्ल तगोंडु ओळ्ळे माताडोण" असंही ऐकू येईल, म्हणजे तीळगूळ घेऊन आपण चांगलं बोलूया. हे दोघांनी एकमेकांना म्हणायला जास्त शोभतं. "माताडि" हे आदराचं, व्याही-विहिणींसाठी. सुनेच्या धाकट्या भावाला तिळगूळ देताना "माताडु" म्हटलं तरी चालतं. आणि संक्रांतीला यायला जमलं नाही तर रथसप्तमीपर्यंत कधीही जाऊन द्या, तोवर हलवा काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.