28 कंबर, 44 पन्हा: पूर्ण घेराच्या स्कर्टचा हिशेब

[दृश्य: टेबलावर पसरलेलं कापड, त्यावर खडूची कमान]

पूर्ण घेराचा स्कर्ट म्हणजे मधे भोक असलेली एक मोठी कापडी चकती. भोक कमरेचं, बाहेरची कड घेराची. चुन्या नाहीत, प्लेट नाहीत, डार्ट नाहीत. नितंबांचं मापसुद्धा लागत नाही, कारण कमरेखाली सात इंचांवर या स्कर्टचा घेर बहात्तर इंचांच्या आसपास गेलेला असतो. मापं लागतात दोनच, कंबर आणि लांबी. म्हणून हा स्कर्ट सोपा समजला जातो. पण माप चुकलं तर झाकायला इथे चुनीही नसते.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. कंबर 28 इंच, बेल्टखालची लांबी 25 इंच, कापडाचा पन्हा 44 इंच.

[दृश्य: कागदावर दोन वर्तुळं, एकाच केंद्रावरून]

कंबर हा वर्तुळाचा परीघ आहे. आपल्याला हवी त्याची त्रिज्या. कमरेला 6.28 ने भागायचं. 28 भागिले 6.28, म्हणजे 4.46, टेपवर जवळजवळ साडेचार इंच. ही झाली शिवणीची रेषा. कापायची रेषा ही नव्हे. शिवणीसाठी अर्धा इंच माया हवी, आणि ती भोकाच्या आतल्या बाजूला येते. म्हणून खडू फिरवायचा चार इंचांवर.

कापून झाल्यावर कड मोजली तर टेप फक्त 25 दाखवते. इथे बरेच जण घाबरून भोक मोठं करतात. तसं करू नका. अर्धा इंच खाली, जिथे टीप बसणार आहे, तिथे मोजा. तिथे 28 भरतात.

त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो. खडूची रेषा पाव इंच बाहेर सरकली, तर कंबर दीड इंचाने मोठी झाली. अर्धा इंच सरकली, तर तीन इंचांनी. शिवाय गोल कापलेल्या कडेचा बराचसा भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका असतो, आणि उरेब कापड हातात नुसतं उचललं तरी ताणतं. त्यामुळे शंका असेल तेव्हा भोक लहान ठेवायचं. लहान भोक पुन्हा कापता येतं, मोठं झालेलं मिटत नाही. आणि कापल्या कापल्या, कापड टेबलावरून उचलण्याआधीच, दोन्ही तुकड्यांच्या कमरेच्या कडेला मायेच्या आतून एक साधी टीप मारायची. तेवढ्याने ताण अडतो.

आता बाहेरचं वर्तुळ. 4.46 अधिक 25 लांबी, अधिक खालच्या दुमडीसाठी अर्धा इंच, असे 30 इंच. म्हणजे पूर्ण चकतीचा व्यास 60, आणि पन्हा आहे 44. अख्खी चकती बसत नाही. दोन अर्धी वर्तुळं करून बाजूला शिवण घ्यावी लागणार.

[दृश्य: एकाच किनारीला लागून, एकाखाली एक ठेवलेली दोन अर्धवर्तुळं]

पहिल्यांदा सुचते ती मांडणी ही. दोन्ही अर्धवर्तुळांची सरळ बाजू एकाच किनारीला, एकाखाली दुसरं. साठ अधिक साठ, 120 इंच, तीन मीटरहून थोडं जास्त. कापड पुरतं, पण दुसऱ्या किनारीशी साडेतेरा इंचांची पट्टी वरपासून खालपर्यंत पडून राहते.

[दृश्य: दुसरा तुकडा समोरच्या किनारीला सरकतो, पहिल्याच्या खांद्याशी येऊन बसतो]

त्याऐवजी दुसरं अर्धवर्तुळ समोरच्या किनारीला लावा. आता दोघांचे फुगवटे एकमेकांकडे तोंड करून आहेत, आणि दुसरा तुकडा वर सरकवता येतो. किती, ते केंद्रांवरून ठरतं. दोन केंद्रांमधलं तिरकं अंतर 60 इंचांहून कमी होता कामा नये, नाहीतर वर्तुळं एकमेकांत शिरतील.

सरळ बाजूंना शिवणीसाठी अर्धा अर्धा इंच सोडला, म्हणून केंद्रं किनारीपासून अर्धा इंच आत. दोघांमधलं आडवं अंतर राहिलं 43. साठाच्या वर्गातून त्रेचाळीसचा वर्ग वजा केला की 1751 उरतात, आणि त्याचं वर्गमूळ 42 च्या किंचित आत. म्हणून दुसरं केंद्र पहिल्यापेक्षा 42 इंच खाली. वर 30, मधे 42, खाली 30, एकूण 102 इंच. अठरा इंच वाचले. बेल्टची पट्टी, साधारण साडेतीस बाय तीन इंचांची, पहिल्या तुकड्यासमोर मोकळ्या राहिलेल्या जागेत निघते.

वर्गमूळ नको असेल तर टेप एका केंद्रावर धरून दुसऱ्याकडे न्या. साठ किंवा जास्त दिसले, की मांडणी बरोबर.

102 इंच म्हणजे 2.6 मीटर. पावणेतीन मीटर घ्यावं. टोकं क्वचितच सरळ असतात, आणि 44 म्हणून मिळालेलं कापड किनारी सोडून बऱ्याचदा 43 च भरतं. सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मोजायचं.

या मांडणीचा मला वाचलेल्या कापडापेक्षाही मोठा वाटणारा फायदा वेगळाच आहे. समोरासमोरचे दोन तुकडे न फिरवता जवळ आणले की पूर्ण चकती बनते, जणू एकाच रुंद कापडातून कापलेली. मखमलीसारख्या लव असलेल्या कापडाची छटा त्यामुळे शिवणीच्या दोन्ही बाजूंना सारखी राहते. एकाखाली एक मांडणीत मात्र एक तुकडा उलटा फिरवावा लागतो, आणि शिवणीवर छटा बदलते. नक्षीची दिशा मात्र दोन्हीत सुटत नाही. फुलं समोर आडवी पडणारच. ठळक उभी नक्षी असेल तर हा स्कर्ट त्या कापडाचा नव्हे.

लांबीलाही मर्यादा आहे. त्रिज्या आणि माया मिळून पन्ह्यात मावली पाहिजे. याच कमरेला 44 पन्ह्यात साडेअडतीस इंचांपर्यंत जाता येतं. पुढे चार पाव तुकडे, किंवा रुंद कापड.

[दृश्य: बेल्ट लावून टांगलेला स्कर्ट]

बाजू शिवल्या, एका बाजूला चेन लावली. बेल्ट जोडताना कमरेच्या मायेत बारीक कट द्या, टिपेच्या जरा अलीकडे थांबून. 25 ची कड 28 च्या पट्टीवर त्याशिवाय सपाट बसत नाही.

मग खालची दुमड लगेच नाही. स्कर्ट एक दिवस टांगून ठेवायचा. उरेब भाग वजनाने खाली येतो, आणि पूर्ण वर्तुळात असे भाग चार असतात, दोन पुढे, दोन मागे. अंगावर घालून जमिनीपासून सारख्या उंचीवर चहूबाजूंनी खुणा करा आणि लोंबलेलं तेवढंच कापा.

दुमड अरुंद हवी, आणि त्याचं कारण पुन्हा तेच 6.28. एक इंच रुंद दुमड घातली, तर आत वळणारी कड जिथे बसायची आहे तिथल्या घेरापेक्षा साडेबारा इंच लांब असते, आणि ते सगळं सुरकुत्यांत जातं. पाव इंचाची दुहेरी दुमड घेतली, तर हा फरक तीन इंचांवर येतो. तेवढा जवळजवळ दोनशे इंचांच्या घेरात इस्त्रीनेच जिरतो.