ब्लँकेट पांघरलेला घोडेस्वार

जिओगेसर हा खेळ स्वीडनमध्ये 2013 साली सुरू झाला. तुमच्यापैकी काहींच्या घरी मुलं तो खेळत असतील. पडद्यावर जगातल्या कुठल्या तरी रस्त्याचं चित्र येतं. इकडंतिकडं फिरायचं, खुणा शोधायच्या आणि नकाशावर टाचणी टोचायची. एका डावात पाच चित्रं, प्रत्येकाला जास्तीत जास्त 5000 गुण. आज मी एकाच चित्राबद्दल बोलणार आहे.

माझी भाची आठवीत आहे. सदाशिव पेठेत तिच्या घरी बसलो होतो. चित्रात डोंगराळ रस्ता, पिवळं पडलेलं गवत, दगडी भिंतींची आणि गवती छपराची गोल घरं. एक माणूस अंगावर जाड लोकरीचं ब्लँकेट पांघरून घोड्यावरून चाललेला.

तिनं आधी होकायंत्र पाहिलं. सूर्य उत्तरेकडे होता. म्हणजे दक्षिण गोलार्ध, असं ती पटकन म्हणाली. इथं मी तिला अडवलं. पुण्यात मेच्या मध्यात आपण शून्य सावलीचा दिवस पाहतो ना? त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याही उत्तरेलाच असतो. कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात ही खूण फसवते. पण या चित्रात सावल्या बऱ्याच लांब होत्या आणि सूर्य उत्तरेकडे खाली झुकलेला होता, त्यामुळे तिचं अनुमान टिकलं. मग वाहनं डावीकडून चाललेली दिसली. त्यामुळे उजवीकडून वाहनं चालवणारे देश बाद झाले. गोल घरं पाहून तिनं दक्षिण आफ्रिका ठरवलं आणि टाचणी ब्लूमफाँटेन शहराजवळ टोचली.

साडेचार हजारांवर गुण मिळाले. ती खूश. पण देश चुकला होता! ते होतं लेसोथो, चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला देश. जगाच्या नकाशावर खेळताना दीड-दोनशे किलोमीटरच्या चुकीला फारसा दंड नसतो, त्यामुळे देशच्या देश चुकला तरी गुणांत कळत नाही. खेळणाऱ्याला काय समजलं नाही, हे गुण सांगत नाहीत. ते चित्राकडे परत जाऊनच कळतं.

आम्ही परत गेलो. मी एवढंच विचारलं, ‘ब्लँकेट कशाला?’ आफ्रिका म्हणजे ऊन, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून ब्लँकेट तिनं पाहूनही सोडून दिलं होतं. लेसोथोचा सर्वांत सखल बिंदू सुमारे 1400 मीटर उंचीवर आहे. आपला सिंहगड साधारण 1300 मीटर. म्हणजे त्या देशातली सगळ्यात खालची जागासुद्धा सिंहगडाच्या माथ्यापेक्षा उंच! हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैत, तिथल्या डोंगरांवर बर्फ पडतं. पूर्वी तिथले बसोथो लोक जनावरांची कातडी पांघरत. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांबरोबर लोकरीची ब्लँकेटं आली आणि ती त्यांची ओळखच होऊन गेली. डोंगरवाटांना घोडा सोयीचा, म्हणून घोडा. हे एकदा कळलं की ब्लूमफाँटेनच्या सपाट माळावर टाचणी टोचायला हातच धजत नाही.

इथं एक कुरकुर करतो. या खेळात पटाईत झालेली मुलं पुष्कळदा भूगोल पाहतच नाहीत, चित्रं घेणारी गाडी पाहतात. गाडीच्या पुढं स्नॉर्केल, म्हणजे हवा घेणारी उंच नळी, दिसली की केनिया. ओळखलं, झालं. गुण भरपूर, पण केनियाबद्दल काय कळलं? गाडी बदलली की ते ज्ञान संपलं. म्हणून आमच्या घरचा नियम असा: टाचणी टोचण्याआधी एक कारण सांगायचं, आणि ते जमिनीबद्दल, हवेबद्दल किंवा माणसांबद्दल हवं. शिवाय खेळाची वर्गणी भरायलाच पाहिजे असं नाही. गूगलच्या नकाशातल्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यांच्या चित्रांमध्ये, मोठ्यांनी जागा निवडावी, नाव झाकावं आणि मुलाला ओळखायला लावावं. 2022 पासून पुण्यातले रस्तेही त्यात आहेत, तेव्हा सुरुवात स्वतःच्याच पेठेपासून करता येते.

भाचीकडे परत येतो. नकाशात लेसोथो मोठा करून पाहताना ती म्हणाली, ‘मामा, हा मधेच उरला कसा? दक्षिण आफ्रिकेनं गिळला का नाही?’ आकार म्हणाल तर आपल्या पुणे जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. उत्तर तिच्याच चुकलेल्या टाचणीखाली होतं. ब्लूमफाँटेन ही एकोणिसाव्या शतकात बोअर लोकांच्या, म्हणजे डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या, ऑरेंज फ्री स्टेट या राज्याची राजधानी; ते राज्य पुढं दक्षिण आफ्रिकेत गेलं. त्यांनी लढाया करून कॅलेडन नदीच्या पश्चिमेची बसोथोंची सुपीक जमीन घेतली. राजा मोश्वेश्वेनं ब्रिटिशांचं संरक्षण मागितलं आणि 1868 साली ते मिळालं. देश वाचला, पण वाट्याला मुख्यतः डोंगर आले. वाहनं डावीकडून चालतात तीही त्या ब्रिटिश अमलाचीच खूण. तिनं सगळं ऐकलं आणि टाचणी उचलून नदीच्या पूर्वेला, डोंगरात नेऊन टोचली. डाव केव्हाच संपला होता, त्याचे गुण अर्थात मिळाले नाहीत.