कार्डावरचे २२० आणि गव्हाचे १००

(नागपूर येथे रब्बीपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान, संपादित)

मघाशी चहाच्या वेळी एका भाऊंनी मला त्यांचं मृदा आरोग्य पत्रिका कार्ड दाखवलं. सोयाबीन निघालं आहे, आता त्याच वावरात गहू घ्यायचा आहे. कार्डावर उपलब्ध नत्र हेक्टरी २२० किलो, आणि शेजारी शेरा ‘कमी’. त्यांनी विचारलं, “साहेब, हेक्टरी ४० क्विंटल गहू जमिनीतून साधारण १०० किलो नत्र उचलतो, असं तुम्हीच सांगता. माझ्या जमिनीत २२० आहे. मग युरिया टाकायचाच कशाला? आणि एवढं असून शेरा ‘कमी’ कसा?”

प्रश्न अगदी रास्त आहे. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नावरच करतो, कारण इथली गाठ सुटली की खताचा हिशोब तुम्हाला बांधावर बसून करता येतो.

आधी ते २२० कुठून येतात ते पाहू. प्रयोगशाळेत मातीवर अल्कलीयुक्त पोटॅशियम परमँगनेटची प्रक्रिया करतात आणि त्यातून सुटणारा अमोनिया मोजतात. सुब्बय्या आणि असिजा यांनी १९५६ साली मांडलेली ही पद्धत आपल्याकडे आजही चालते. आपल्या जमिनीतला बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो. जिवाणू तो हळूहळू मोकळा करतात. प्रयोगशाळेतलं रसायन मात्र त्यातला सहज फुटणारा भाग तासाभरात फोडून मोजतं. गव्हाच्या चार महिन्यांत, तेही थंडीत, तेवढा नत्र मोकळा होत नाही, आणि जो होतो तोही सगळा मुळांना सापडत नाही. म्हणून २२० हा आकडा कोठारात ठेवलेल्या पोत्यांसारखा मोजून काढायचा नाही. ती जमिनीच्या ताकदीची खूण आहे, आणि ‘कमी’ हा शेरा त्या ताकदीबद्दलचा आहे.

मग त्यातलं पिकाला किती मिळतं? हे पिकालाच विचारावं लागतं. डॉ. रामामूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात हेच केलं. एका तुकड्याला नत्र द्यायचा नाही, बाकीच्यांना वेगवेगळा द्यायचा. पीक निघाल्यावर दाणा आणि कुटार दोन्हींतला नत्र मोजायचा. समजा २२० च्या जमिनीत बिनखताच्या गव्हाने ४४ किलो नत्र उचलला. म्हणजे कार्डावरच्या आकड्यापैकी २० टक्के जमिनीने दिले. खत दिलेल्या तुकड्यात पिकाने जेवढा जास्त उचलला, त्याला दिलेल्या खतातल्या नत्राने भागलं की खताचा वाटा निघतो. तो ४५ टक्के धरू. हे दोन्ही टक्के मी हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या भागातल्या जमिनीचे आणि वाणाचे टक्के कृषी विद्यापीठाच्या समीकरणातूनच घ्यायचे, कारण दुसऱ्या राज्यातल्या गाळाच्या जमिनीचं समीकरण आपल्या काळ्या मातीला लागू होत नाही.

आता भाऊंचा गहू. लक्ष्य हेक्टरी ४० क्विंटल, म्हणजे आपल्या भाषेत एकरी १६. एक क्विंटल दाणा तयार करायला, कुटारासकट, साधारण अडीच किलो नत्र लागतो. चाळीस गुणिले अडीच, १०० किलो. जमीन देणार २२० चे २० टक्के, ४४ किलो. उरले ५६. हे ५६ किलो पिकाच्या पोटात जायला हवेत, आणि खतातले शंभरातले ४५ च पोटात जातात. म्हणून ५६ भागिले ०.४५, म्हणजे साधारण १२४ किलो नत्र हेक्टरी.

```
खताचा नत्र = (लक्ष्य × २.५ − माती परीक्षण × ०.२०) ÷ ०.४५
```

एकराला ५० किलो. एक पोतं डीएपी दिलं तर त्यातून ९ किलो नत्र येतो. राहिलेल्या ४१ किलोसाठी सुमारे ९० किलो युरिया, म्हणजे ४५ किलोची दोन पोती. तुम्ही म्हणाल, सरसकट शिफारसही हेक्टरी १२० किलोच आहे, मग एवढा खटाटोप कशाला? शेजारच्या वावरात कार्डावर ३०० असेल तर बघा. जमीन ६० किलो देईल, उरतील ४०, खताचा नत्र ८९ किलो. डीएपी तेवढंच ठेवलं तर युरिया एकरी ९० किलोऐवजी ५९ लागतो. धुऱ्याच्या दोन बाजूंना इतका फरक पडतो, आणि सरसकट शिफारशीला तो दिसत नाही.

लक्ष्य मात्र मनाला येईल ते धरू नका. या हिशोबात प्रत्येक जादा क्विंटलला साडेपाच किलो नत्र, म्हणजे १२ किलो युरिया वाढतो. कागदावर ६० क्विंटल लिहाल तर समीकरण निमूटपणे हेक्टरी २३६ किलो सांगेल, पण गहू येणार नाही, लोळेल. समीकरण सरळ रेषेचं आहे, पीक तसं नाही. विहिरीला पाच-सहा पाळ्यांचं पाणी नसेल, किंवा पेरणी डिसेंबरच्या मध्यावर गेली असेल, तर नागपूरच्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दाणा भरायला वेळ मिळत नाही. तिथे ३० धरा. हिशोब ६९ किलोवर येतो.

चुका कुठे होतात ते सांगतो. पहिली म्हणजे कार्ड हेक्टरचं आणि उत्पन्न एकराचं. लक्ष्य १६ आणि नत्र २२० असं मांडलंत तर ४० वजा ४४, उत्तर उणे येतं आणि माणूस म्हणतो खत नकोच. दुसरी चूक बारीक आहे. काही ठिकाणी नत्र प्रत्यक्ष मोजत नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज लिहितात. तो आकडा या समीकरणात घालू नका, कारण २० टक्के हे परमँगनेटच्या आकड्याचे आहेत. नमुना देतानाच पद्धत विचारून घ्या.

तिसरी चूक पेरणीनंतरची. ते ४५ टक्के आपल्या हातात असतात. आपली जमीन चुनखडीची, सामू आठच्या वर. ओल्या जमिनीवर युरिया फेकून तसाच ठेवला तर अमोनिया होऊन उडतो. अर्धा नत्र पेरताना मातीत पेरून द्या: एकरी एक पोतं डीएपी आणि सोबत ३५ किलो युरिया. उरलेला ५५ किलो २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना द्या आणि लगेच हलकं पाणी द्या. पाणी तुंबवू नका, तुंबलेल्या काळ्या मातीतून नत्र वायू होऊन जातो. हे टक्के ४५ चे ३५ झाले, तर त्याच ५६ किलोसाठी १२४ ऐवजी १६० किलो लागतात.

एक ताई विचारतात, हिशोब आपल्याच वावरात खरा ठरला हे कळायचं कसं? तिफणीच्या दोन तासांच्या रुंदीचा एक पट्टा युरिया आणि डीएपीशिवाय ठेवा. स्फुरदाची कमतरता मध्ये येऊ नये म्हणून तिथे डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट द्या. कापणीला त्या पट्ट्याचा गहू वेगळा मोजा. ४४ किलो नत्रावर हेक्टरी साडेसतरा क्विंटल, एकरी सात येतात. उपाशी पीक क्विंटलमागे नत्र थोडा कमी वापरतं, म्हणून साडेसात-आठ आले तरी हिशोब बरोबर समजा. दहा आले तर जमीन हिशोबापेक्षा जास्त देते आहे, पुढच्या रब्बीत युरिया कमी करा. पाचच आले तर आधी पट्ट्यात पाणी, तण, रोग यांचं काही बिघडलं होतं का ते तपासा, आणि मगच २० टक्क्यांना हात लावा.