६५ अंश कुणी ठरवले होते?

सातारा एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधला चेंज रिक्वेस्टचा फॉर्म मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आला. तयार पार्ट धुण्याच्या टाकीचं तापमान ६५ अंशांवरून ५० अंशांवर आणायचं होतं. 'बदलाचं कारण' या रकान्यात दोनच शब्द लिहिलेले: वीज बचत. मी तो परत पाठवला. बचत झाली तर तो फायदा. बदल सुरक्षित का आहे, हे त्यातून कळत नाही.

मी त्यांना विचारलं, मुळात ६५ कशासाठी होते? कुणाला सांगता येईना. टाकीवरच्या जुन्या ऑपरेटरनं मात्र दोन कारणं सांगितली. एक, गरम पाण्यात तेल पातळ होऊन सुटतं. दुसरं, गरम पार्ट बाहेर आला की आपोआप वाळतो. दुसरं कारण फॉर्ममध्ये कुठंच नव्हतं. आरपार नसलेल्या भोकात पाणी राहिलं आणि आपल्याकडचा जुलै असला, की गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून फॉर्ममध्ये हवेच्या झोताचे २० सेकंद वाढवले.

आता ट्रायल. त्यांनी ५० अंशाला लागणारं केमिकल भरलं आणि त्याच दिवशी १० पार्ट धुतले. पार्टवर उरलेली घाण गाळणीच्या कागदावर घेऊन वजन केलं, तर ४ ते ५ मिलिग्रॅम. ग्राहकाची मर्यादा ८. सगळे खूश! पण टाकी बदलतात १५ दिवसांनी. नव्या पाण्यात कुठलाही पार्ट स्वच्छच निघणार. मी म्हटलं, तेराव्या दिवशी घ्या. घेतली, तर १० पैकी २ पार्ट ८ च्या वर गेले. जुन्या ६५ अंशांवर तेराव्या दिवशीही सगळे मर्यादेत असायचे, ते रेकॉर्ड त्यांच्याकडेच होतं. दहाव्या दिवशी घेतलेले पार्ट मात्र ७ च्या आत राहिले.

मग मागणीच बदलली: तापमान ५०, आणि टाकी दर १० दिवसांनी बदलायची. विजेचे महिन्याला ८,००० रुपये वाचत होते, त्यातून जादा टाकीभरणीचे २,४०० गेले. उरले ५,६००. हवेच्या झोताची वीज यात धरलेली नाही, तेही लिहायला लावलं. आकडा लहान झाला, पण ऑडिटरसमोर तो टिकतो.

काय आणि कधी तपासायचं ते सांगणारा कंट्रोल प्लॅन, काय बिघडू शकतं ते मांडणारा एफएमईए आणि टाकीवरची सूचना, तिन्ही कागद एकाच तारखेला बदलायचे, आणि ग्राहकाची मंजुरी त्याआधी हवी. कुठल्या लॉटपासून बदल लागू, हेही लिहायचं. आणि परतीची अट: सलग दोन तपासण्या ८ च्या वर गेल्या, तर न विचारता टाकी ६५ वर. ही ओळ शेवटी ऑपरेटरलाच लिहायला सांगितली, कारण रात्रपाळीत ती पाळणारा तोच आहे.