वीस लाखांची रेघ आणि एकतीस जानेवारीचं बिल

नमस्कार श्रोतेहो. घरी बसून कामं घेणाऱ्या मंडळींचे हिशेब मी नाशिकमध्ये बघते. कोणी अनुवाद करतं, कोणी वेबसाइट बनवतं, कोणी डिझाइन करतं. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "ताई, मला जीएसटी नंबर घ्यावा लागेल का?" आणि मी म्हणते, "आधी वर्षभराची बिलं दाखवा." मग कळतं की बिलंच नाहीत. ईमेलमध्ये एक ओळ असते, "ऐंशी हजार पाठवावेत." रक्कम येते, विषय संपतो. आज एका अनुवादिकेच्या वर्षाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

तिचं मुख्य काम पुण्याच्या एका कंपनीचं, दरमहा 80,000 रुपयांचं. बंगळुरूची एक सॉफ्टवेअर कंपनी मधूनमधून कामं देते. जर्मनीतली एक अनुवाद संस्था युरोमध्ये पैसे पाठवते. शिवाय सासूबाईंनी तिच्या नावावर केलेला एक फ्लॅट आहे. तिथे एक कुटुंब 15,000 रुपये भाड्याने राहतं.

जानेवारीच्या सुरुवातीला ती आली ती अगदी निवांत. म्हणाली, "माझे एप्रिलपासून दहा लाखही झालेले नाहीत. मर्यादा वीसची आहे ना?" मर्यादा वीस लाखांचीच आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्याची एका आर्थिक वर्षातली एकूण उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरात हीच मर्यादा 10 लाख आहे. मर्यादा तिला ठाऊक होती. चूक मोजण्यात होती.

तिने बँकेचं पासबुक उघडून पुण्याचे आणि बंगळुरूचे जमा आकडे मिळवले होते. ते आले 9,99,000. पण कंपनी पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापून उरलेले पाठवते. कापलेले पैसेही तिचीच कमाई, ते सरकारकडे तिच्या पॅनवर जमा झालेत एवढंच. उलाढाल मोजायची ती बिलाच्या रकमेवर. तसं मोजलं तर नऊ महिन्यांत पुण्याचे झाले 7,20,000 आणि बंगळुरूचे 3,90,000. म्हणजे 11,10,000.

मग मी विचारलं, "जर्मनीचे?" ती म्हणाली, "त्यावर तर कर नसतो, ते कशाला धरायचे?" परदेशी दिलेल्या सेवेवर प्रत्यक्षात कर द्यावा लागत नाही हे खरं, पण ती निर्यात उलाढालीत मोजली जाते. तिचे 6,00,000 मिळवले. आणि भाडं? राहण्यासाठी कुटुंबाला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी माफ आहे, तरी माफ असलेल्या सेवाही एकूण उलाढालीत येतात. नऊ महिन्यांचे 1,35,000 त्यात आले. बेरीज झाली 18,45,000. तिचा चेहरा उतरला. हा धक्का मी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या चेहऱ्यावर बघते, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. रेघेजवळ पोचल्यासारखं वाटत असेल, तर पासबुक बाजूला ठेवा आणि बिलं मोजा. एका पॅनवरचं सगळं एकत्र मोजा, मग ते कुठल्याही राज्यातलं असो.

बंगळुरूचं काम म्हणजे दुसऱ्या राज्याला दिलेली सेवा, त्यासाठी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, असंही तिला कोणीतरी सांगितलं होतं. मालाच्या बाबतीत तशी अट होती, आणि सुरुवातीला सेवांनाही ती लागू होती. ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने वीस लाखांपर्यंतच्या सेवादारांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे इतकी वर्षं ती नोंदणीशिवाय बंगळुरूला बिल देत होती, त्यात काही गैर नव्हतं. "नंबर नसेल तर पैसे देता येत नाहीत" असं कंपनीचा हिशेब विभाग म्हणतो, तेव्हा ती त्या कंपनीची पसंती असते, कायद्याची अट नसते. अशा वेळी स्वतःहून नोंदणी घेता येते. पण एकदा घेतली की उलाढाल दोन लाख असली तरी कर लावायचा, विवरणपत्रं भरायची, काम नसलेल्या काळात शून्याचंही भरायचं. एका ग्राहकासाठी हे ओझं घ्यायचं का, ते नीट ठरवा.

आता पुढचं. जानेवारीचं भाडं आलं, बेरीज 18,60,000. महिन्याच्या मध्याला जर्मनीचं 70,000 चं बिल झालं, 19,30,000. आणि 31 जानेवारीला पुण्याचं नेहमीचं 80,000 चं बिल. बेरीज 20,10,000. त्या दिवशी रेघ ओलांडली.

इथून तीस दिवसांचा काळ सुरू होतो. तीस दिवसांच्या आत अर्ज केला, तर नोंदणी रेघ ओलांडल्याच्या तारखेपासून लागू होते. उशीर केला, तर प्रमाणपत्र मिळेल त्या तारखेपासून. मधल्या दिवसांतल्या कामांवरचा कर मात्र सुटत नाही. तो ग्राहकाकडून रीतसर मागता येत नाही, म्हणून स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. शिवाय नोंदणी न केल्याचा दंड 10,000 रुपये किंवा बुडालेला कर, यातलं जे जास्त असेल ते. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीला फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँक खात्याचा पुरावा आणि घरच्या पत्त्यासाठी वीजबिल लागतं. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र जोडायचं.

तिने 10 फेब्रुवारीला अर्ज केला. 20 तारखेला प्रमाणपत्र आलं, 31 जानेवारीपासून लागू. म्हणजे पुण्याला दिलेलं साधं बिल आता अपुरं ठरलं. प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत अशा मधल्या बिलांच्या जागी सुधारित टॅक्स इनव्हॉइस देता येतं. ते आम्ही दोघींनी बसून केलं. कागद आणि पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

वर तिचं नाव, पत्ता आणि पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक. तो महाराष्ट्रासाठी 27 ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. मग बिलाचा क्रमांक आणि तारीख. क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा आणि सोळा अक्षरांपर्यंतचा. त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. आधीच्या बिलांवर तिने क्रमांकच घातले नव्हते, सगळ्या फाइलींचं नाव "बिल फायनल". रद्द झालेलं बिलही क्रमांकासह जपून ठेवा, मधला आकडा गायब दिसला की प्रश्न निघतात.

त्याखाली कंपनीचं नोंदणीतलं पूर्ण नाव, पत्ता आणि त्यांचा जीएसटी क्रमांक. व्हॉट्सॲपवर आलेला क्रमांक पोर्टलवर शोधून पाहा. एक अक्षर चुकलं तर कर दुसऱ्याच्या खात्यात दिसतो, आणि तुमचे पैसे अडकतात. मग कामाचं वर्णन. "अनुवाद सेवा" एवढंच नको. तिने लिहिलं, "जानेवारी महिन्यातला इंग्रजी-मराठी अनुवाद, 40,000 शब्द, शब्दामागे 2 रुपये." असं वर्णन असलं की सहा महिन्यांनी कोणी विचारलं तरी भांडण होत नाही. शेजारी सेवेचा संकेतांक. सेवांचे संकेतांक 99 ने सुरू होतात, अनुवादाचा 998395.

आता कर. नाशिक आणि पुणे एकाच राज्यात, म्हणून 80,000 वर 9 टक्के केंद्राचा, 7,200, आणि 9 टक्के राज्याचा, 7,200. एकूण 94,400. हेच बिल बंगळुरूला असतं तर 18 टक्के एकत्रित कर एकाच ओळीत आला असता, आणि सेवेचं ठिकाण म्हणून कर्नाटक लिहावं लागलं असतं. शेवटी रिव्हर्स चार्ज, म्हणजे बिल देणाऱ्याऐवजी ग्राहकानेच सरकारला कर भरायचा, तो लागू आहे की नाही ते, आणि सही. बँक खातं, पॅन आणि पैसे देण्याची मुदत ही जीएसटीच्या नियमात नाहीत, पण त्यांच्याशिवाय बिल पाठवू नका.

आणि हे नीट ऐका. कर वेगळ्या ओळीत दाखवलेला असला की टीडीएस 80,000 वरच कापला जातो, 94,400 वर नाही. तिच्या खात्यात आले 86,400. त्यातले 14,400 तिचे नाहीत. मी तिला दुसरं बचत खातं उघडायला लावलं, कराचे पैसे आले की त्याच दिवशी तिकडे.

हे कराचे पैसे पुण्याच्या कंपनीने आधी एक महिना रोखून मग दिले होते. ग्राहकाला त्याचा परतावा तेव्हाच मिळतो, जेव्हा तुम्ही ते बिल तुमच्या विवरणपत्रात दाखवता आणि ते त्यांच्या बाजूला दिसतं. तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांना पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत पोर्टलवर चढवता येतात. ते वेळेवर केलं की अडवणूक होत नाही.

सगळ्यांत जास्त हळहळ मला बंगळुरूच्या कामाची वाटते. त्यांच्याशी फेब्रुवारीत 60,000 ठरले होते आणि ईमेलमध्ये "सर्व मिळून" असं लिहिलेलं. कर वेगळा असं म्हटलं नव्हतं, म्हणून त्या 60,000 मधूनच कर काढावा लागला. 118 रुपयांत 18 कराचे, या हिशेबाने 9,152 रुपये 54 पैसे गेले, तिच्या हाती 50,847 रुपये 46 पैसे राहिले. दर ठरवताना "जीएसटी लागू झाल्यास वेगळा" हे चार शब्द ईमेलमध्ये टाकले असते, तर ही रक्कम वाचली असती. कंपनीचंही काही बिघडलं नसतं, कारण तिला तो कर परत मिळतो. रेघेच्या खाली असाल तरी आजपासून टाका.

जर्मनीसाठी फेब्रुवारीचं बिल देण्याआधी पोर्टलवर हमीपत्र भरलं. ते दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं. बिलावर "हमीपत्राखाली कर न भरता निर्यात" या अर्थाची नेमून दिलेली इंग्रजी ओळ छापली, आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जोडून ठेवला.

नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणारेही मला भेटतात, बिल भारदस्त दिसावं म्हणून. कृपा करून करू नका, नोंदणी नसलेल्याला कर गोळा करायला कायद्याने मनाई आहे. तोपर्यंत बिलावर "टॅक्स इनव्हॉइस" असंही लिहू नका, नुसतं "इनव्हॉइस" पुरे.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली होती. जर्मनीचं काम थांबलंय, वर्षाला बारा लाख होतील म्हणते. एक एप्रिल उजाडला म्हणून नोंदणी आपोआप जात नाही, रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र. मी तिला विचारलं, पुणे आणि बंगळुरू दोघंही कर परत घेतात, मग तुला अडचण फक्त विवरणपत्रांचीच आहे ना? ती म्हणाली, विचार करून सांगते. नमस्कार.