थंडीतला 'प' जातो कुठे?

नमस्कार श्रोतेहो, आज कोरियन भाषेतल्या एका आवाजाबद्दल बोलायचंय. तुमच्यापैकी बरेच जण कोरियन सिरीयल बघता, घरात मुलंमुली बघत असतील तर कानावर तरी पडतंच. त्यात कुणी कुणाचे आभार मानताना दोन प्रकारे बोलतात, ऑफिसात किंवा दुकानात, थोडं अदबीनं म्हणायचं असेल तर 'गोमाप्सुम्निदा', आणि रोजच्या ओळखीतलं असेल तर 'गोमावॉयो', मैत्रिणी मैत्रिणी असतील तर नुसतं 'गोमावॉ'. मी शिकायला लागले तेव्हा मला कितीतरी दिवस हे दोन वेगळे शब्दच वाटायचे, एकात चांगला ठणठणीत 'प' ऐकू येतोय आणि दुसऱ्यात त्याचा पत्ताच नाही, त्या जागी 'व' येऊन बसलाय. पण शब्द एकच आहे, मूळ 'गोमाप', मागे प्रत्यय वेगवेगळे लागलेत एवढंच.

आता हे होतं कसं ते बघू, आणि त्यासाठी सोपा शब्द घेऊ, थंडीचा. डिक्शनरीत 'छुप्ता' असा मिळतो, म्हणजे थंडी असणं, थंडी वाजणं. शेवटचा 'ता' हा डिक्शनरीतला प्रत्यय, तो काढला की उरतं 'छुप', हे झालं मूळ, म्हणजे आपण व्याकरणात धातू म्हणतो ते. याला व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय लावला तर 'प' जागचा हलत नाही, 'छुप्को' म्हणजे थंडी आहे आणि..., 'छुप्चीमान' म्हणजे थंडी आहे पण.... स्वराने सुरू होणारा लावला की मात्र 'प' गेलाच, 'छुवॉयो' म्हणजे थंडी आहे, 'छुउम्यॉन' म्हणजे थंडी असली तर, 'छुउन नाल' म्हणजे थंडीचा दिवस. म्हणजे 'प' नुसता गळत नाही, त्याचा 'उ' होतो आणि पुढे 'ऑ' आला की दोघं मिळून 'वॉ' ऐकू येतं.

इथपर्यंत ठीक आहे, नियम पाठ करून टाकू असं वाटतं. अडचण याच्यानंतर सुरू होते, कारण प्रत्येक 'प' असा वागत नाही. 'इप्ता' म्हणजे कपडे घालणं, ते 'इबॉयो' होतं, दोन स्वरांच्या मधे 'प'चा 'ब' ऐकू येतो पण ओठ मिटतात, 'व' होत नाही. 'जाप्ता' म्हणजे पकडणं, त्याचं 'जाबायो'. मी ज्या मुलांना शिकवते ना, त्यांना एकदा थंडीचा नियम कळला की ती आठवडाभर 'इवॉयो' म्हणतात, आणि समोरच्या कोरियन माणसाला ते कपड्यांबद्दल बोलतायत हे कळतच नाही. चूक मुलांची नाहीये, डिक्शनरीतला शब्द ऐकून कळायला काही मार्गच नाही, 'छुप्ता' आणि 'इप्ता' कानाला सारखेच.

मी त्यांना एकच गोष्ट सांगते आणि ती बऱ्यापैकी चालते. शब्द जर वर्णन करणारा असेल, थंड, गरम, तिखट, अवघड, सोपं, जड, जवळ, सुंदर, तर 'प'चा 'व' होतो असं धरून चाला, यातला नेहमी लागणारा अपवाद म्हणजे 'जोप्ता', अरुंद असणं, तो 'जोबायो' होतो. आणि शब्द जर क्रिया असेल, पकडणं, घालणं, चावणं, उपटणं, घडी घालणं, तर 'प' राहतो असं धरा, फक्त मोजक्या क्रिया 'व'वाल्या आहेत, मदत करणं, आडवं होणं, खाली पडलेलं उचलणं, भाजणं, आणि फाटलेलं शिवणं. या पाच क्रिया हाताच्या बोटांवर मोजून ठेवल्या तरी रोजचं काम भागतं.

यातली भाजण्याची क्रिया मला फार आवडते, कारण ती कानाला अगदी आपल्या आडनावासारखी लागते, 'गुप्ता'. गंमत अशी की 'गुप्ता' दोन आहेत, लिहायलाही सारखे, बोलायलाही सारखे. एक म्हणजे विस्तवावर भाजणं, दुसरा म्हणजे वाकणं. व्यंजनाचा प्रत्यय लावा, 'गुप्को', दोन्ही एकच, वाक्य ऐकल्याशिवाय काही कळणार नाही. स्वराचा लावा की लगेच वेगळे होतात, भाजणारा 'गुवॉयो' आणि वाकणारा 'गुबॉयो'. 'गुउन गोगी' म्हणजे भाजलेलं मटण आणि 'गुबुन नामु' म्हणजे वाकडं झाड. कोरियन लोकांत एक म्हण आहे, वाकडं झाडच पूर्वजांच्या कबरींची राखण करतं, कारण सरळसोट झाडं लाकडासाठी तोडून नेतात आणि वाकडं तेवढं मागे उरतं. त्या म्हणीत 'गुबुन' असतं. तिथे कुणी 'गुउन' म्हटलं तर झाड भाजून निघालं. आणि कोरियन हॉटेलात मेन्यूवर 'सेंगसॉन-गुई' दिसलं, म्हणजे भाजलेला मासा, तर तो 'गुई' पण याच भाजण्यातनं आलाय, तिथे तर 'व'ही राहिला नाही.

मग प्रश्न येतो की असं का. मला नुसता नियम सांगून थांबायला आवडत नाही, कारण याचं उत्तर खरंच आहे आणि ते लिहून ठेवलेलं आहे. राजा सेजोंगच्या काळात 1443 मधे कोरियन लिपी तयार झाली आणि 1446 मधे ती लोकांसाठी जाहीर केली. त्या वेळी 'प'साठी एक अक्षर केलं, डोळ्यापुढे आणायचं तर वर उघडी असलेली चौकोनी बादली, अर्ध्यावर पाणी भरलेलं. आणि त्याच अक्षराखाली एक छोटं वर्तुळ काढून दुसरंही एक अक्षर केलं, हलका ओष्ठ्य. त्याचं वर्णनही दिलंय, ओठ एकमेकांना हलकेच लागतात आणि घशातला आवाज जास्त येतो. तुम्ही आत्ता 'ब' म्हणायला जा पण ओठ पुरते मिटू देऊ नका, मधून वारा जाऊ द्या, साधारण तो आवाज. म्हणजे तेव्हाच्या भाषेत स्वरांच्या मधे दोन वेगळे आवाज ऐकू येत होते, थंडी, गरमी, मदत, भाजणं यात हा सैल 'ब', आणि पकडणं, अरुंद असणं यात घट्ट 'ब'. पण पुढे व्यंजन आलं की ओठ मिटून घ्यावेच लागायचे, सैल असो की घट्ट, दोघांचाही 'प'च व्हायचा. पुढे तो सैल आवाज आणखी सैल होत होत 'व' झाला, ते वर्तुळवालं अक्षर लिहिणंच बंद झालं, तेही त्याच 15व्या शतकात, काही दशकांतच. आज डिक्शनरीत आपल्याला फक्त तो मिटलेला 'प' दिसतो आणि म्हणून वाटतं की भाषा मनमानी करतेय, खरं म्हणजे दोन जुने आवाज एकाच कपड्यात उभे आहेत.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. संस्कृतात 'दीप', आपल्याकडे 'दिवा'. 'ताप'चा 'ताव', 'कपाट'चं 'कवाड'. दोन स्वरांच्या मधे सापडलेला 'प' आपल्या पूर्वजांच्या तोंडातही असाच सैल होत 'व' झाला. आणि 'दीप', 'ताप' हे शब्द आपण नंतर संस्कृतातून पुन्हा घेतले म्हणून दोन्ही जोड्या घरात नांदतायत. कोरियनमधे फरक एवढाच की ती जोडी एकाच क्रियापदाच्या पोटात आहे.

आता मदतीचा शब्द, 'दोप्ता'. सिरीयलमधे संकटात सापडलेलं माणूस ओरडतं ना 'दोवाजुसेयो', मदत करा, तो हाच. इथे 'दोवॉ' नाही, 'दोवा' आहे. कोरियनमधे धातूचा शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असला की प्रत्ययात 'आ' घ्यायचा आणि बाकीच्यांना 'ऑ', ही जुनी पद्धत. पूर्वी सुंदरला 'आरुमदावा' लिहायचे, जवळला 'गाक्कावा', जुनी छापील पुस्तकं चाळली तर दिसतं. पण लोक बोलायला लागले होते 'आरुमदावॉ', मग 1988 मधे जाहीर झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत ठरलं की 'वा' फक्त दोनच शब्दांत ठेवायचा, मदत करण्याचा 'दोप्ता' आणि देखणं असण्याचा 'गोप्ता', कारण ही मुळं एकाच अक्षराची आहेत. बाकी सगळे 'वॉ'.

शेवटची गोष्ट, उलटा प्रवास, कारण खरी पंचाईत तिथे होते. ऐकलेल्या शब्दावरून डिक्शनरीत काय शोधायचं? तुम्ही ऐकलं 'मेवॉयो', तिखट आहे. आणि ऐकलं 'बेवॉयो', शिकते आहे. अगदी यमक जुळतंय. 'मेउन', 'बेउन', परत यमक. आमच्या क्लासमधल्या एकीनं 'बेवॉयो' ऐकून अर्धा तास 'बेप्ता' शोधला, तिला सापडला तो भलताच काहीतरी, कारण शिकण्याचं मूळ 'बेउ' आहे, त्यात 'प' कधी नव्हताच, 'उ' त्याचा स्वतःचा आहे. तिखटाचं मूळ 'मेप'. शंका आली की मागे 'आणि'वाला 'गो' लावून म्हणून बघायचं, 'प'च्या मागे तोच 'को' ऐकू येतो, किंवा कुणा कोरियन माणसाला तसं म्हणायला सांगायचं, 'मेप्को' आणि 'बेउगो', लगेच दोघांचे चेहरे वेगळे होतात. शिकणं, भांडणं, खोडणं या क्रिया 'उ'वाल्या, तिखट हे वर्णन 'प'वालं, म्हणजे मघाशी सांगितलेला अंदाज इथेही कामी येतो.

आणि हो, कोरियाच्या दक्षिण-पूर्वेला, ग्यॉन्गसान्ग भागात, बुसानकडे, हा 'प' अजून गेलेलाच नाही. मी डिसेंबरात तिथल्या मासळीबाजारात उभी होते, समुद्रावरचा वारा अंगात शिरत होता, आणि शिंपले सोलत बसलेल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, 'छुबॉरा'. सोलच्या पुस्तकात शिकलेलं 'छुवॉ' मी कानात घेऊन गेले होते, म्हणून क्षणभर कळलंच नाही. मग आजींनी हात चोळले, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली आणि परत म्हणाल्या, 'आयगो, छुबॉरा'. स्पष्ट 'ब', दोन्ही ओठ मिटून.