जुनी गोळी बंद, नवी गोळी सुरू: मधले ३६ तास कशासाठी?

नमस्कार मंडळी. मी फार्मासिस्ट आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. आज एकाच गोळीबद्दल बोलायचं आहे आणि तिच्यातल्याही एकाच गोष्टीबद्दल. गोळीचं नाव सॅक्युबिट्रिल-वलसार्टन. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअर असलेल्या रुग्णांना ती देतात. २०२३ च्या सुरुवातीला तिचं पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्यांची गोळी बाजारात आली, भाव उतरले. तेव्हापासून करवीर, पन्हाळा, कागलमधल्या खेडेगावांतूनही तिच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात.

चिठ्ठीवर बहुतेक वेळा एक ओळ असते: रॅमिप्रिल बंद करा, ३६ तासांनी नवी गोळी सुरू करा. त्या ३६ तासांकडे घरच्यांचं लक्षच जात नाही. त्यांना वाटतं, जुनी थांबवायची, नवी घ्यायची, मधे कशाला थांबायचं? उलट खंड पडला तर हृदयाला त्रास होईल, अशी भीती असते. भीती समजण्यासारखी आहे, म्हणून कारण नीट सांगते.

आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ सतत तयार होत असतो. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं. तयार झालं की लगेच त्याचा निचराही होतो. उसाच्या वावराला दोन मोठ्या मोऱ्या आहेत असं समजा. एका मोरीचं नाव एसीई, दुसरीचं नेप्रिलायसिन. ही दोन्ही एन्झाइम्स ब्रॅडिकायनिनचे तुकडे करतात.

आता रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिन्डोप्रिल, लिसिनोप्रिल या गोळ्या काय करतात? पहिली मोरी बंद करतात. हृदयाला त्याचा फायदा असतो, पण ब्रॅडिकायनिन थोडं साठतं. काही जणांना या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, तो बराचसा यामुळेच. नव्या गोळीतलं सॅक्युबिट्रिल दुसरी मोरी बंद करतं. हृदयावर ताण आला की हृदय स्वतःच काही चांगली संप्रेरकं सोडतं, ती लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकायला लावतात. नेप्रिलायसिन ती संप्रेरकं तोडतं. ते थांबवलं की ती जास्त वेळ टिकतात. गोळीचा मूळ उद्देश हाच, पण त्याच मोरीतून ब्रॅडिकायनिनही जात असतं.

एक मोरी उघडी असेल तर निभतं. दोन्ही एकदम बुजवल्या की वावरात पाणी चढतं, आणि इथे वावर म्हणजे ओठ, जीभ, घसा. या सुजेला अँजिओएडिमा म्हणतात. निचऱ्याच्या आणखी बारीक वाटा असतात, त्यामुळे दोन्ही गोळ्या पोटात गेलेल्या प्रत्येकाला सूज येतेच असं नाही. पण ज्याला येते, त्याची श्वासाची वाट बंद होऊ शकते.

हे सगळं कागदावरचं गणित नाही. ओमापॅट्रिलॅट नावाचं एक औषध होतं, एकच गोळी दोन्ही मोऱ्या बंद करायची. रक्तदाबावर उत्तम काम करायचं. सुमारे २५ हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली. एनालाप्रिल घेणाऱ्यांत अशी सूज ०.६८ टक्के लोकांना आली, ओमापॅट्रिलॅट घेणाऱ्यांत २.१७ टक्के लोकांना. तिप्पट. ते औषध बाजारात आलंच नाही. पुढे सॅक्युबिट्रिलला जोडीदार निवडताना एसीई बंद करणारं औषध टाळलं आणि वलसार्टन घेतलं. वलसार्टन अँजिओटेन्सिनचं काम थेट त्याच्या रिसेप्टरवर अडवतं, एसीईच्या मोरीला हात लावत नाही. म्हणून गोळीतली ही जोडी चालते, आणि त्यात बाहेरून रॅमिप्रिल घातलं की पुन्हा ओमापॅट्रिलॅटसारखीच परिस्थिती होते.

आता ३६ तासच का? दिवसातून एकदा घ्यायची गोळी २४ तास काम करावी अशीच निवडलेली असते. म्हणजे काल रात्री ९ ला घेतलेलं रॅमिप्रिल आज रात्री ९ लाही पहिली मोरी बऱ्यापैकी धरून बसलेलं असतं. त्याच्यावर आणखी १२ तास जाऊ दिले की पकड पुरेशी सुटते. औषधाच्या माहितीपत्रकात ३६ तास हे किमान अंतर दिलं आहे. ३८ झाले, ४० झाले तरी चालतं. ३० चालत नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? गडबड कुठे होते ते एका घरातली गोष्ट सांगून दाखवते. नाव-गाव सांगत नाही.

एक आबा, वय ६६, घरचं गुऱ्हाळ. सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. गेल्या वर्षी दम लागायला लागला, इकोमध्ये पंपिंग ३० टक्के निघालं. हृदयरोगतज्ज्ञांनी रॅमिप्रिल अडीच मिलिग्रॅम, रात्री ९ ला, सुरू केली होती, बरोबर इतर औषधं. मग एका सोमवारी तपासणीत नवी गोळी लिहिली: ५० ची, सकाळ-संध्याकाळ. दुपारी सूनबाई चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या.

मी विचारलं, "शेवटची रॅमिप्रिल कधी दिली?"

"काल रात्री नऊला, जेवण झाल्यावर."

रविवार रात्री ९ ते सोमवार रात्री ९, चोवीस. मंगळवार सकाळी ९, छत्तीस. नव्या पाकिटावर पेनाने लिहून दिलं: मंगळवार सकाळी ९ च्या आधी देऊ नका. रॅमिप्रिलची उरलेली पट्टी घरात ठेवू नका म्हटलं, परत आणून द्या.

मंगळवारी सकाळी साडेआठला त्यांचा फोन. "ताई, ही गोळी जेवणाआधी द्यायची का नंतर?" मी म्हटलं, कशीही चालेल. आणि सहज विचारलं, आबांना रात्री काय काय दिलं? त्या सांगत गेल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "आणि ती आठ वाजताची हार्टची कॅप्सूल."

हार्टची कॅप्सूल? माझ्या दुकानातून ती कधी गेलीच नव्हती. अँजिओप्लास्टीनंतर गावातल्या डॉक्टरांनी लिहिलेली, तिथल्याच दुकानातून दरमहा येणारी. मी म्हटलं, पट्टी उलटी करा, मागचं बारीक वाचा. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं: ॲस्पिरिन, ॲटोरवास्टॅटिन... आणि रॅमिप्रिल, पाच मिलिग्रॅम.

म्हणजे आबा कित्येक महिने दोन ठिकाणचं रॅमिप्रिल घेत होते. रात्री उठताना गरगरतं अशी त्यांची तक्रार होती, तिचंही हे एक कारण असावं. पण त्या क्षणी महत्त्वाचं एवढंच होतं की शेवटचं रॅमिप्रिल रविवारी रात्री नव्हे, सोमवारी रात्री ८ ला पोटात गेलं होतं. नवी गोळी अर्ध्या तासात दिली असती तर मधे साडेबारा-तेरा तासच गेले असते.

मी म्हटलं, गोळी हातातली खाली ठेवा. मग हिशोब पुन्हा मांडला. सोमवार रात्री ८ पासून ३६ तास म्हणजे बुधवार सकाळी ८.

इथे आणखी एक चूक होऊ शकते, तीही सांगते. कॅप्सूल बंद म्हटल्यावर तिच्यातलं ॲस्पिरिन आणि ॲटोरवास्टॅटिनही बंद होतं. स्टेंट असलेल्या माणसाचं ॲस्पिरिन असं आपल्या मनाने थांबवायचं नसतं. मी तज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन लावला, सगळं सांगितलं. त्यांनी ती दोन औषधं सुटी लिहून दिली, बुधवारची वेळ कायम केली, मधल्या वेळात बाकीची औषधं चालू ठेवायला सांगितली. बुधवारी सकाळी ८ नंतर पहिली गोळी दिली. त्रास काही झाला नाही.

म्हणून माझी विनंती अशी की नवी चिठ्ठी मिळाली की घरातल्या सगळ्या पट्ट्या, डबा, पिशवी घेऊन दुकानात या. वरचं ठळक नाव कंपनीचं असतं, त्यावरून काही कळत नाही. मागे बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं. त्याचा शेवट "प्रिल" असा असेल, तर ३६ तास तिथून मोजायचे. रक्तदाबाच्या जोडगोळ्यांतही हे लपलेलं असतं, ॲम्लोडिपिनबरोबर पेरिन्डोप्रिल असतं तसं.

(टेबलावरच्या दोन पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरून) ही बघा दुसरी पट्टी. हिचा शेवट "सार्टन": टेल्मिसार्टन, लोसार्टन. ही एसीईच्या मोरीला हात लावत नाही, त्यामुळे तिच्यासाठी ३६ तास थांबायचं नाही. पुढच्या डोसच्या वेळी तिच्या जागी नवी गोळी घ्यायची. पण तिच्या जागी, तिच्यासोबत नाही. नव्या गोळीत वलसार्टन आहेच. दोन सार्टन एकत्र झाले तर रक्तदाब पडतो, पोटॅशियम चढतं, किडनीवर ताण येतो.

उलट दिशेलाही हाच नियम. समजा नव्या गोळीने रक्तदाब फार खाली आला आणि डॉक्टरांनी परत रॅमिप्रिलवर जायला सांगितलं, तर शेवटच्या नव्या गोळीपासून पुन्हा ३६ तास. घरात जुनी पट्टी पडून असते ना, ती उचलून त्याच संध्याकाळी दिली जाते. पट्टी परत मागते ती म्हणूनच.

अंतर बरोबर ठेवलं म्हणजे सूज येणारच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ साली निकाल आलेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे ८४०० रुग्ण होते. नव्या गोळीवर १९ जणांना अशी सूज आली, एनालाप्रिलवर १० जणांना. श्वासाची वाट वाचवण्यासाठी नळी वगैरे घालायची वेळ कुणावरही आली नाही. धोका लहान आहे, पण आहे. आणि ज्यांना पूर्वी कधीही "प्रिल" किंवा "सार्टन" गोळीने ओठ-जीभ सुजली होती, त्यांनी ही गोळी घ्यायचीच नाही. ती गोष्ट दहा वर्षांपूर्वीची असली तरी डॉक्टरांना सांगा.

ही सूज ओळखायची कशी? ॲलर्जीच्या सुजेत बहुधा अंगाला खाज येते, गांधी उठतात. इथे तसं बहुतेक नसतं. एक ओठ जड वाटतो, फुगतो. जीभ तोंडात मावेनाशी होते. आवाज बदलतो, बोलणं घोगरं किंवा बोबडं होतं, लाळ गिळता येत नाही. असं काही दिसलं तर सेट्रिझिन देऊन वाट बघत बसू नका, ब्रॅडिकायनिनच्या सुजेवर ती गोळी लागू पडत नाही. पुढचा डोस द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा किंवा कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो, जवळचं दुसरं कुठलं असो, ज्या रुग्णालयात रात्री-अपरात्री श्वासनळीची व्यवस्था होते तिथे थेट जायचं. सगळ्या पट्ट्या सोबत न्यायच्या आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते सांगायचं.

आबांची पुढची तपासणी दोन आठवड्यांनी झाली. रक्तदाब, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघून डॉक्टरांनी ५० ची १०० केली. त्या दिवशी सूनबाई येताना कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या, घरातली सगळी औषधं त्यात. आम्ही काउंटरवर एकेक पट्टी उलटी करून वाचली. अर्धी उरलेली ती हार्टची कॅप्सूल त्यांनी मला परत दिली.